मांटू चाचणी: 18 मिमी खरे की 11?

*"डॉक्टर, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. सासऱ्यांच्या थुंकीत टीबीचे जंतू निघाले आणि गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. मुलगी 7 वर्षांची आहे, मुलगा 3 वर्षांचा. दोघांची मांटू टेस्ट एका खासगी लॅबमध्ये सोमवारी सकाळी 11 वाजता केली. धाकट्यानं हात हिसकला, थोडं औषध बाहेर आलं, पण 'चालतंय' म्हणाले. मंगळवारी मुलीचा हात लालभडक झाला म्हणून सासूबाईंनी हळद-चुन्याचा लेप लावला. बुधवारी दुपारी लॅबवाल्यांनी पट्टी लावून 'मुलगी 18 मिमी, पॉझिटिव्ह. मुलगा निगेटिव्ह' असं लिहून दिलं. गुरुवारी सकाळी 10 वाजता भावानं कोल्हापूरला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पेन फिरवून 11 मिमी सांगितलं. एका दिवसात 7 मिमी कमी कसं होईल? कुणाचं खरं मानायचं? नवरा म्हणतो, लहानपणच्या बीसीजीमुळे आलं असेल, पुन्हा टेस्ट करू. मुलीला टीबी झालाय का? शाळेत पाठवू का? मुलाचं तरी चांगलं निघालं, तेवढाच धीर आहे." — एक आई, निपाणी परिसर*

ताई, शाळेचं आधी सांगते. मुलीला खोकला, ताप नसेल आणि ती नेहमीसारखी खात-खेळत असेल, तर तिला शाळेत पाठवा. हात सुजला म्हणून तिच्यापासून कुणाला काही होत नाही. टोचलेल्या औषधात जिवंत जंतू नसतात. प्रयोगशाळेत वाढवून मारलेल्या जंतूंपासून वेगळी केलेली शुद्ध प्रथिनं तेवढी असतात, त्यामुळे त्या सुईनं टीबी होणंही शक्य नाही.

मला तुमच्या पत्रातली शेवटची ओळ जास्त खटकली. मुलीची काळजी तुम्ही करताय ती योग्यच आहे, पण ज्या मुलाबद्दल तुम्ही निर्धास्त आहात, त्याच्यासाठी दवाखान्यात लवकर जायला हवं. असं का म्हणते ते कळायला हातावर दोन-तीन दिवसांत काय घडतं हे आधी समजून घ्यावं लागेल. ते समजलं की 18 आणि 11 चा घोळही आपोआप सुटेल.

मधमाशी चावली की पाच-दहा मिनिटांत सूज येते, कारण रक्तातली प्रतिपिंडं आणि त्वचेतल्या पेशी आधीपासून तयार असतात. मांटूची प्रतिक्रिया त्या जातीची नाही. ती उशिरा येते म्हणून डॉक्टर तिला विलंबित अतिसंवेदनशीलता म्हणतात, आणि ती घडवतात प्रत्यक्ष पेशी. टीबीचा जंतू एकदा शरीरात येऊन गेला, की त्याची ओळख लक्षात ठेवणाऱ्या टी पेशी तयार होतात आणि रक्तातून फिरत राहतात. त्वचेत ती प्रथिनं टोचल्यावर तिथल्या पेशी त्यांचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडतात. फिरतीवरच्या काही ओळखीच्या टी पेशी तिथे येऊन ते तुकडे ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडतात. मग आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या चिकट आणि सैल होतात, रक्तातून आणखी पेशी बाहेर पडून त्या जागी जमतात. रक्तातलं फायब्रिनोजेनही बाहेर झिरपतं आणि तिथे गोठून त्याचे धागे होतात. जमलेल्या पेशी आणि हे धागे मिळून त्वचेत जो घट्ट भाग तयार होतो, त्यालाच इंड्युरेशन म्हणतात. आपण त्याला सरळ कडकपणा म्हणू.

एवढ्या पेशी गोळा व्हायला वेळ लागतो. म्हणून ही चाचणी 48 ते 72 तासांच्या आत वाचायची असते. प्रतिक्रिया प्रतिपिंडांमुळे येत नाही, पेशींमुळे येते, हे 1942 मध्ये लँडस्टाइनर आणि चेस यांनी गिनीपिगवर दाखवून दिलं होतं. संवेदनशील झालेल्या प्राण्याच्या पेशी दुसऱ्याला दिल्या, तर दुसऱ्यातही ही प्रतिक्रिया उमटते.

लाली ही वेगळी गोष्ट आहे. रक्तवाहिन्या रुंदावल्या की त्वचा लाल दिसते. ते सुई टोचल्यानंही होतं, खाजवल्यानं होतं, औषधातल्या एखाद्या घटकाची तात्पुरती ॲलर्जी आल्यानंही होतं. अशी लवकर आलेली लाली पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जोरात असते आणि नंतर ओसरते. लालीवरून त्या जागी टी पेशी जमल्या आहेत की नाही हे कळत नाही, म्हणून ती मोजतच नाहीत. मंगळवारी हात लालभडक झाला तेव्हा जेमतेम 24 तास झाले होते. त्या दिवशी काहीही दिसलं असतं तरी निकाल सांगता आला नसता.

त्यात भर पडली लेपाची. सासूबाईंनी मायेनं लावला, त्यांना बोल लावू नका. मुका मार लागला की आपल्याकडे घरोघरी हळद-चुनाच लावतात. पण हळदीत चुना मिसळला की तिचा रंग लाल होतो हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलंच असेल. तो रंग त्वचेवर मुरतो, आणि चुन्यानं लहान मुलीची कातडी चुरचुरून स्वतःची वेगळी लाली आणते ती निराळीच. बुधवारी लॅबमधल्या माणसानं लाल डागाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टी धरली असेल, तर त्याच्या 18 मिमीत खरी प्रतिक्रिया किती, लाली किती आणि लेपाचा रंग किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. "पट्टी लावून" एवढंच तुम्ही लिहिलंय, त्यांनी बोटानं चाचपून पाहिल्याचं लिहिलेलं नाही. म्हणून मला लाली मोजल्याचीच शंका जास्त आहे.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पेन फिरवलं, ती या चाचणीची चांगली रीत आहे. चांगल्या उजेडात कोपर थोडं वाकवून हात टेबलावर ठेवायचा. आधी बोटाच्या टोकानं हलकं चाचपून कडक भाग कुठे आहे ते पाहायचं. मग साधं बॉलपेन त्या भागापासून थोडं लांब, निरोगी त्वचेवर टेकवायचं आणि हलका दाब देत हळूहळू मध्याकडे सरकवायचं. पेन मऊ त्वचेवरून सहज जातं आणि कडक भागाची कड आली की अडतं. जिथे अडलं तिथेच थांबायचं. हीच कृती समोरच्या बाजूनं करायची आणि दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीनं मोजायचं. हे माप हाताच्या आडवं घ्यायचं, म्हणजे मनगट ते कोपर या दिशेला काटकोनात. उभं माप धरत नाहीत, दोन्हींची सरासरीही काढत नाहीत. अशा मोजणीत लाली कितीही पसरलेली असली तरी आकड्यात येत नाही.

वेळेचा हिशोबही करून पाहू. सोमवारी सकाळी 11 ला टोचलं, तर वाचायची मुदत बुधवारी सकाळी 11 ला सुरू होते आणि गुरुवारी सकाळी 11 ला संपते. बुधवार दुपार आणि गुरुवारी सकाळचे 10, दोन्ही वेळा मुदतीत बसतात. म्हणजे कोल्हापूरला उशिरा गेल्यामुळे आकडा घसरला असं म्हणायला जागा नाही. दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजली असणार, आणि आपण 11 धरून चालू.

तरीही 11 हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. सरावलेले, अनुभवी दोन वाचक एकाच हातावर एकमेकांपासून 2-3 मिमी वेगळं माप सांगू शकतात. पट्टी वाचताना 5, 10, 15 अशा गोल आकड्यांकडे झुकण्याची माणसाची सवयही असते. म्हणून अहवालावर नुसता "10" दिसला की मी विचारते, नीट मोजून आलाय की गोल करून लिहिलाय? तुमच्या मुलीचं माप 11 आलंय, ते 9 असतं किंवा 13 असतं, तरी पुढे काय करायचं ते फारसं बदललं नसतं. कारण निर्णय एकट्या आकड्यावर होत नाही. घरात थुंकीत जंतू असलेला माणूस आहे, ही गोष्ट त्या आकड्याइतकीच वजनदार आहे.

सर्वसाधारणपणे आपल्याकडे 10 मिमी किंवा त्याहून जास्त कडकपणा पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्ही असेल, मूल फार कुपोषित असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर 5 मिमीलाही पॉझिटिव्ह म्हणतात, कारण अशा शरीरात पेशींचा जमावच कमी होतो. अमेरिकेत तर रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही 5 मिमीची रेषा लावतात. आकडा तोच, पण तो कुणाच्या हातावरचा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

मग मुलीला टीबी झालाय का? मांटू या प्रश्नाचं उत्तर देत नाही, देऊ शकत नाही. तिच्या टी पेशी टीबीच्या जंतूला ओळखतात, एवढंच ती सांगते. जंतू शरीरात येऊन झोपून राहिला असेल तरी चाचणी पॉझिटिव्ह येते, आजार झाला असेल तरी येते. 18 म्हणजे जास्त टीबी आणि 11 म्हणजे थोडा, असंही नसतं. मोठ्या माणसांत संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांना जन्मभरात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो, बाकीच्यांना होत नाही. मुलगी कोणत्या बाजूला आहे हे लक्षणांवरून, वजनावरून, तपासणीवरून आणि छातीच्या एक्स-रेवरून कळेल. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रेंगाळणारा ताप, वजन घटणं किंवा न वाढणं, खेळणं कमी होणं, मानेत गाठी येणं, यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

तुमच्या नवऱ्याची बीसीजीची शंका चुकीची नाही. बीसीजीतला जंतू टीबीच्या जंतूचा जवळचा नातलग, आणि टोचायच्या प्रथिनांतली बरीच प्रथिनं दोघांतही सापडतात. पण जन्मताच दिलेल्या बीसीजीचा मांटूवरचा परिणाम पुढच्या काही वर्षांत ओसरत जातो. सात वर्षांच्या मुलीत, तेही घरात थुंकीचा रुग्ण असताना, 11 मिमीचं खापर बीसीजीवर फोडणं धोक्याचं आहे. दंडावरचा व्रण पाहून चाचणी खोटी ठरवायची आणि औषध टाळायचं, असं करू नका.

पुन्हा टेस्ट करण्याचा विचार मुलीच्या बाबतीत सोडून द्या. त्यातून नवीन काही कळणार नाही. आधीच ओळख असलेल्या टी पेशींना पुन्हा चेतवलं तर दुसरी प्रतिक्रिया आणखी मोठी येऊ शकते, फोड येऊन कातडी सोलू शकते. औषध पूर्ण झाल्यावर "गेलं का बघू" म्हणूनही ती करू नये, कारण पेशींची ती आठवण तशीच राहते आणि चाचणी पॉझिटिव्हच येते. सध्या हात खाजत असेल तर गार पाण्याची घडी ठेवा. फोड आला तर फोडू नका, लेप लावू नका.

आता धाकट्याकडे येते. त्याच्या कागदावर "निगेटिव्ह" आहे, मिलिमीटरचा आकडा नाही. कडकपणा अजिबात नसेल तर "0 मिमी" असं लिहायला हवं, म्हणजे निदान कुणीतरी हात चाचपला हे कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टोचताना औषध बाहेर आलं. ही सुई त्वचेच्या थरातच जावी लागते, सुईचं उघडं तोंड वर ठेवून, कोपर ते मनगट यांमधल्या आतल्या बाजूला. 0.1 मिली औषध नीट गेलं की लगेच 6 ते 10 मिमीचा फिकट फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. तसा फुगवटा मुलाच्या हातावर उठलेला तुम्ही पाहिला का, आठवून बघा. नसेल तर औषध सांडलं असेल किंवा सुई खोल गेली असेल, आणि त्या हाताच्या निगेटिव्हला काही अर्थ नाही. खरं तर तेव्हाच तिथून चार बोटं दूर किंवा दुसऱ्या हातावर पुन्हा टोचायला हवं होतं.

समजा औषध व्यवस्थित गेलं होतं. तरी संसर्ग झाल्यावर टी पेशी तयार होऊन ही चाचणी पॉझिटिव्ह यायला 2 ते 8 आठवडे, कधी त्याहून थोडे जास्त लागतात. आजोबांच्या मांडीवर तो कधीपर्यंत बसत होता, शेजारी झोपत होता? संसर्ग नुकताच झाला असेल तर आज चाचणी कोरी येणारच. मूल फार अशक्त असेल, नुकताच गोवर होऊन गेला असेल, स्टेरॉइड चालू असेल, तरी ती कोरी येते. आणि ज्याला टीबी खूप पसरलाय अशा मुलातही ती कोरी येऊ शकते, हे डॉक्टरसुद्धा कधी कधी विसरतात.

पाच वर्षांखालच्या मुलात संसर्गाचं आजारात रूपांतर मोठ्यांपेक्षा खूप जास्त वेळा आणि लवकर होतं. मेंदूच्या आवरणाचा टीबीही याच वयात जास्त होतो. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम असा आहे, की थुंकीच्या रुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलाला आधी आजार नाही ना हे तपासायचं आणि नसेल तर मांटूची वाट न पाहता प्रतिबंधक औषध सुरू करायचं. त्याच्या बाबतीत चाचणी 0 असो की 20, उत्तर तेच. तुमच्या मुलाला या औषधापासून दूर ठेवायला तो "निगेटिव्ह" कागद कारण होऊ नये.

तेव्हा या आठवड्यातच दोन्ही मुलांना घेऊन, जिथे सासऱ्यांचं नाव नोंदलंय त्याच सरकारी दवाखान्यात जा. औषध तिथे मोफत मिळतं. रोज एक याप्रमाणे सहा महिने आयसोनियाझिड किंवा आठवड्यातून एकदा असे बारा डोस, यांतलं मुलांच्या वयाला आणि वजनाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतील. घरातल्या मोठ्यांचीही, म्हणजे तुमची, सासूबाईंची आणि नवऱ्याचीही, तपासणी त्याच फेरीत करून घ्या. कोल्हापूरला उपचार घ्यायचा असला तरी अडत नाही. रुग्णांची नोंद निक्षय या देशभराच्या पोर्टलवर असते, सासऱ्यांचा निक्षय क्रमांक दाखवला की सीमेपलीकडच्या दवाखान्यालाही सगळं दिसतं.

सीमाभागातल्या इतर वाचकांनाही एक सांगते. इकडे टोचायचं आणि तिकडे दाखवायचं, हे आपल्या भागात नेहमीच होतं, म्हणून मांटूचा कागद दोन्हीकडे वाचता येईल असा घ्या. त्यावर टोचल्याची तारीख आणि वेळ, औषधाची ताकद किती टीयू म्हणजे ट्युबरक्युलिन युनिट, वाचल्याची तारीख आणि वेळ, आणि "कडकपणा अमुक मिमी" असं लिहून मागा. भाषा कानडी असो वा इंग्रजी, आकडा सगळ्यांना वाचता येतो. ताकदीचं विचारा म्हणते, कारण बाजारात 2, 5 आणि 10 टीयूच्या बाटल्या मिळतात आणि 10 टीयूनं येणारा कडकपणा 2 टीयूच्या मापानं वाचला तर निकाल फुगतो. हल्ली काही ठिकाणी सायटीबी नावाची नवी चाचणीही करतात. ती मांटूसारखीच त्वचेत टोचतात, पण तिच्यातली प्रथिनं बीसीजीत नसतात आणि तिथे 5 मिमीपासून पॉझिटिव्ह धरतात. म्हणून चाचणीचं नावही कागदावर हवं. आणि गुरुवारी टोचून घेऊ नका, वाचायची वेळ शनिवार-रविवारी येते आणि दारं बंद असतात. 72 तास उलटल्यावर कडकपणा उतरायला लागतो, तेव्हा उशिरा गेलात आणि हात सपाट दिसला तर त्याला शून्य म्हणता येत नाही, पुन्हा टोचावं लागतं.

दवाखान्यात जाताना मुलांच्या कागदांबरोबर सासऱ्यांच्या थुंकीचा अहवालही न विसरता न्या. त्यांचा जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देतो की नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. देत नसेल तर मुलांसाठीचं औषध वेगळं ठरतं. आणि गोळ्या सुरू झाल्यावर एखाद्या मुलाचं खाणं अचानक तुटलं, उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे नि लघवी पिवळी दिसली, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.